सगळं निगेटिव्ह आलंय, म्हणजे चांगलंच ना?

गरोदर बाईची फाइल कधी सावकाश बसून वाचलीय का? पहिल्या कागदावर असतं यूपीटी पॉझिटिव्ह, म्हणजे दिवस राहिलेत, पेढे वाटायचे. मग रक्ताचा कागद येतो, त्यावर एचआयव्ही नॉन-रिॲक्टिव्ह, व्हीडीआरएल म्हणजे सिफिलिस या गुप्तरोगाची टेस्ट, तीही नॉन-रिॲक्टिव्ह, एचबीएसएजी म्हणजे कावीळ बी निगेटिव्ह, हे तिन्ही चांगलं. त्याच कागदावर वर किंवा खाली कुठेतरी रक्तगट, बी निगेटिव्ह. आणि हे चांगलं की वाईट? खरं तर चांगलंही नाही, वाईटही नाही, पण त्याच्याकडे लक्ष दिलं नाही तर दुसऱ्या बाळाच्या जिवावर बेतू शकतं. एकाच पानावर, एकाच फॉन्टमध्ये छापलेला निगेटिव्ह हा शब्द दोन ओळींत दोन कामं करतो आणि ती दोन कामं वेगळी आहेत हे त्या पानावर कुठेच लिहिलेलं नसतं.

मी लॅबमध्ये काम करते, तालुक्याच्या गावात. रक्त घेणं, टेस्ट लावणं आणि गर्दी असेल तेव्हा काउंटरवर रिपोर्ट देणं, तिन्ही. माझं म्हणणं असं आहे की पॉझिटिव्ह, निगेटिव्ह, रिॲक्टिव्ह हे शब्द डॉक्टरांसाठी खुशाल राहू द्या, पण निदान गरोदर बायकांच्या रिपोर्टवर खाली मराठीत एक सरळ ओळ छापलीच पाहिजे, काय शोधलं, सापडलं की नाही, आणि पुढे काही करायचंय का. तेही एखाद्या लॅबच्या मर्जीवर न सोडता सगळ्यांना सक्तीचं हवं. लोकांना कळत नाही कारण लोक अडाणी आहेत असं नाही. हे शब्द त्यांना येतात, रोज वापरतात, आणि तिथेच सगळा घोळ होतो. अगदी अनोळखी शब्द असला की माणूस निदान विचारतो तरी. "क्रिएटिनिन म्हणजे काय हो?" असं विचारणारे रोज भेटतात, पण निगेटिव्ह म्हणजे काय असं विचारायला कोणी येत नाही, ते सगळ्यांना माहीतच असतं.

आता लॅबवाल्याच्या डोक्यात पॉझिटिव्ह म्हणजे काय ते रक्तगटाच्या टेस्टमधून सगळ्यात स्वच्छ दिसतं. काचपट्टीवर रक्ताचे तीन थेंब ठेवायचे. पहिल्यात निळं सीरम टाकायचं, दुसऱ्यात पिवळं, तिसऱ्यात पाण्यासारखं बिनरंगाचं. निळं अँटी-ए, पिवळं अँटी-बी, बिनरंगाचं अँटी-डी. काडीने मिसळायचं, प्रत्येक थेंबाला नवीन काडी, आणि पट्टी हळूहळू हलवत राहायची. दोनेक मिनिटांत एखाद्या थेंबातलं रक्त फाटल्यासारखं होतं, लाल कण कण वेगळे दिसतात, बाजूला पाणी सुटतं. ज्या थेंबात असे कण जमले तिथे ती वस्तू रक्तात आहे. तिसऱ्या थेंबात जमले तर डी नावाचा पदार्थ लाल पेशींवर आहे, म्हणून पॉझिटिव्ह. नाही जमले, थेंब सपाट गुळगुळीतच राहिला, तर तो पदार्थ नाही, म्हणून निगेटिव्ह. (कधी कधी अगदी बारीक, शंका येईल असे कण येतात, तेव्हा पुढची टेस्ट लावावी लागते, तो वेगळा विषय.) एवढंच. लॅबच्या भाषेत पॉझिटिव्ह म्हणजे जे शोधत होतो ते आहे, निगेटिव्ह म्हणजे नाही. चांगलं-वाईटाचा त्यात काही संबंध नाही, काय शोधत होतो त्यावर सगळं ठरतं. बाळ शोधलं आणि सापडलं तर आनंद, विषाणू शोधला आणि सापडला तर रडारड.

आपल्या मराठीत मात्र हे शब्द लॅबमधून आलेच नाहीत, ते आले भाषणांतून आणि व्हॉट्सॲपवरून. पॉझिटिव्ह राहा, निगेटिव्ह बोलू नकोस, त्या घरात फार निगेटिव्ह एनर्जी आहे. म्हणजे पॉझिटिव्ह चांगलं आणि निगेटिव्ह वाईट हे पक्कं बसलेलं. मग कोरोना आला आणि सगळ्यांनी नवीन नियम पाठ केला, की दवाखान्यात उलटं असतं, पॉझिटिव्ह म्हणजे वाईट आणि निगेटिव्ह म्हणजे सुटलो. विनोदही झाले त्यावर. पण लोकांनी जे शिकलं ते मूळ तत्त्व नव्हतं, जुनाच नियम त्यांनी उलटा करून घेतला. आणि हा उलटा केलेला नियम रक्तगटाला लावला की मोठी फसगत होते, कारण आता निगेटिव्ह दिसलं की माणूस निश्चिंत होतो.

आमच्याकडे काउंटरवर एक सासू-सून आल्या होत्या. सून दुसऱ्यांदा गरोदर, चौथा महिना असेल. सासूबाईंनी रिपोर्ट हातात घेऊन बोट फिरवत फिरवत वाचला, त्यांना इंग्रजी अक्षरं वाचता येत होती, आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "ताई, सगळं निगेटिव्ह आलंय, म्हणजे चांगलंच ना?" मी म्हटलं, "बाकीचं चांगलं आहे काकू, पण रक्तगट निगेटिव्ह आहे, तिच्या मालकांचा कुठला?" तर म्हणाल्या, "त्याचा पॉझिटिव्हच आहे की, त्याला काय झालंय!" मग मी सुनेला विचारलं, पहिल्या बाळंतपणानंतर एक इंजेक्शन दिलं होतं का, महागातलं, बाळाचा रक्तगट तपासून झाल्यावर. तिला आठवत नव्हतं. इंजेक्शनं दोन-चार दिली होती, कुठली ते कोण सांगणार, आणि डिस्चार्ज कार्ड माहेरी राहिलेलं. पहिल्या वेळचा रिपोर्ट घरात होता म्हणे, पण "निगेटिव्ह होता म्हणून नीट ठेवून दिला."

त्या इंजेक्शनची गोष्ट थोडी सविस्तर सांगते, कारण सगळा मुद्दा तिथेच आहे. आई निगेटिव्ह, वडील पॉझिटिव्ह असतील तर बाळ पॉझिटिव्ह असू शकतं. पोटात असताना दोघांचं रक्त सहसा मिसळत नाही, पण डिलिव्हरीच्या वेळी बाळाचं थोडं रक्त आईच्या रक्तात जातं. आईच्या शरीराला तो डी पदार्थ परका, म्हणून ते त्याच्याविरुद्ध अँटिबॉडीज तयार करतं. तोपर्यंत पहिलं बाळ बाहेर आलेलं असतं, त्यामुळे ते बहुतेक वेळा ठणठणीत असतं आणि घरच्यांना वाटतं सगळं छान पार पडलं. पण अँटिबॉडीज राहतात आईच्या रक्तात. पुढच्या वेळी पुन्हा पॉझिटिव्ह बाळ असलं की त्या वार ओलांडून बाळाच्या लाल पेशी फोडायला लागतात. बाळाला पोटातच रक्त कमी पडतं, अंगात पाणी भरतं, जन्मल्याबरोबर जोरदार कावीळ होते, कधी बाळ पोटातच जातं. हे सगळं टाळायला अँटी-डी हे इंजेक्शन १९६८ पासून बाजारात आहे. साधारण २८ व्या आठवड्यात एक, आणि बाळ पॉझिटिव्ह निघालं तर डिलिव्हरीनंतर ७२ तासांच्या आत दुसरं, साधारण ३०० मायक्रोग्रॅमचं. काहीच घेतलं नाही तर अशा शंभर बायकांपैकी साधारण १६ जणींमध्ये अँटिबॉडीज तयार होतात, दोन्ही वेळा घेतलं तर हे प्रमाण अर्ध्या टक्क्याच्याही खाली येतं. आपल्याकडे वापरतात त्यातल्या फार थोड्या औषधांचा इतका लख्ख परिणाम दिसतो.

आणि हे फक्त डिलिव्हरीपुरतं नाही. गर्भपात झाला, आपोआप झाला किंवा करून घेतला, तरी लागू शकतं, आणि तेही ७२ तासांतच. आता विचार करा, तिसऱ्या महिन्यात घरीच पडलं, बाई दोन दिवस झोपून राहिली, तिच्या फाइलमध्ये कुठेतरी बी निगेटिव्ह लिहिलंय, आणि घरात सगळ्यांना वाटतंय की निगेटिव्ह म्हणजे काही नाही. कोण कशाला दवाखान्यात घेऊन जाईल? घड्याळ तर चालूच असतं.

गंमत म्हणजे याच शब्दाची दुसरी बाजू लग्नाच्या बाजारात दिसते. आपल्याकडे बायोडेटात रास, नक्षत्र, नाडी आणि त्याच्या खालीच रक्तगट असतो, जणू तोही पत्रिकेचाच भाग. मुलीचा निगेटिव्ह असला की तिथे लोकांना कोरोनातला नियम आठवत नाही, तिथे पुन्हा जुना अर्थ, निगेटिव्ह म्हणजे काहीतरी कमी, खोट. "मुलगी छान आहे हो, पण ग्रुप निगेटिव्ह आहे" हे वाक्य मी स्वतःच्या नात्यात ऐकलंय. आणि त्याच तोंडाने सांगतात की एक नाडी म्हणजे एकच रक्तगट, म्हणून मूल होत नाही. नवरा-बायकोचा रक्तगट एकच असला तर मुलाला काहीही होत नाही. मुलगा निगेटिव्ह असला तरी काही नाही. बघायचं असतं ते एवढंच, बायको निगेटिव्ह आणि नवरा पॉझिटिव्ह आहे का, आणि असेल तरी स्थळ नाकारायचं कारण नाही, फक्त वेळेवर इंजेक्शन घ्यायचं. म्हणजे लग्नाआधी ज्या गोष्टीचा बाऊ करतात त्याच गोष्टीला लग्नानंतर, जेव्हा खरंच लक्ष द्यायला हवं तेव्हा, काही नाही म्हणून सोडून देतात. शब्द तोच.

यात अजून एक गाठ आहे. निगेटिव्ह आईची आणखी एक टेस्ट करतात, इनडायरेक्ट कूम्ब्स, आमच्याकडे सगळे आयसीटी म्हणतात. त्यात बघतात की आईच्या रक्तात त्या अँटिबॉडीज आधीच तयार झाल्यात का. ही निगेटिव्ह आली तर उत्तम, म्हणजे अजून वेळ आहे, इंजेक्शन उपयोगी पडेल. पॉझिटिव्ह आली तर इंजेक्शनची वेळ गेली, मग मोठ्या हॉस्पिटलात वारंवार सोनोग्राफी करून बाळाकडे लक्ष ठेवायचं. (अँटी-डी घेऊन झाल्यावर ही टेस्ट केली तर इंजेक्शनातल्याच अँटिबॉडीजमुळे हलकी पॉझिटिव्ह येऊ शकते, म्हणून ती आधी करायची आणि इंजेक्शन घेतलं असेल तर लॅबला सांगायचं.) आता हे सगळं घरच्यांच्या कानाने ऐका. रक्तगट निगेटिव्ह, म्हणून काळजी. आयसीटी निगेटिव्ह, म्हणून काळजी नाही. बाळ पॉझिटिव्ह, म्हणून इंजेक्शन. आयसीटी पॉझिटिव्ह, म्हणून इंजेक्शनचा उपयोग नाही. डॉक्टर हे सगळं दोन मिनिटांत बोलून मोकळे होतात, बाहेर पुढच्या पंचवीस जणी बसलेल्या असतात, त्यांचीही काही चूक नाही. पण बाहेर येताना त्या जोडप्याच्या डोक्यात काय उरत असेल?

रिॲक्टिव्हचंही असंच. आपल्याकडे रिॲक्शन म्हणजे औषधाची उलटी बाधा, गोळी खाल्ली आणि अंगावर गांधी उठल्या की रिॲक्शन आली. त्यामुळे व्हीडीआरएल रिॲक्टिव्ह वाचून एक जण मला विचारत होता की कुठल्या औषधाची रिॲक्शन आलीय, आम्ही तर काही दिलंच नाही. तिथे अर्थ असतो की टेस्टमध्ये प्रतिक्रिया दिसली, एवढाच, आजार पक्का झाला असाही नाही. व्हीडीआरएल तर गरोदरपणात कधी कधी आजार नसतानाही रिॲक्टिव्ह येते, म्हणून टीपीएचएसारखी दुसरी टेस्ट करून खात्री करतात. एचआयव्हीचंही तेच, एका रॅपिड टेस्टवर कोणाला पॉझिटिव्ह म्हणायचं नसतं, वेगवेगळ्या तीन टेस्ट जुळल्या तरच. पण रिॲक्टिव्ह म्हणजे अजून पक्कं नाही आणि पॉझिटिव्ह म्हणजे पक्कं, हा फरक त्या कागदावरून कोणाला कळणार?

विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेल या आई-वडिलांकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराच्या बाबतीत याचा वेगळाच त्रास. गावात कॅम्प लागतो, सोल्युबिलिटी टेस्ट करतात, आणि ती आजारी माणसाचीही पॉझिटिव्ह येते आणि नुसत्या वाहकाचीही. वाहकाला बहुधा आयुष्यभर काही त्रास होत नाही. दोघांमधला फरक पुढच्या टेस्टमध्ये, इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसीमध्ये कळतो. पण तो रिपोर्ट यायच्या आधी पोरगी सिकलसेल पॉझिटिव्ह आहे एवढं गावभर झालेलं असतं. खरी काळजी कुठे घ्यायची, तर नवरा-बायको दोघंही वाहक असतील तर, कारण मग प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता मूल आजारी होण्याची. एकटा वाहक असणं आणि आजारी असणं, दोन्हीला एकच शब्द लावून टाकला की ज्याला घाबरायचं कारण नाही तो घाबरतो.

मग उपाय काय, तर काहींना वाटतं शब्द मराठीत करा. करून झालंय ते. कोरोनात पेपरात "चाचणी सकारात्मक आली" असं छापून येत होतं, आणि मला विचाराल तर ते पॉझिटिव्हपेक्षाही वाईट, कारण पॉझिटिव्हला निदान दवाखान्याचा वास आहे, सकारात्मक म्हणजे तर शंभर टक्के चांगलंच. त्यापेक्षा बाधित हा शब्द किती तरी चांगला चालला, कारण त्यात टेस्टचं काय झालं यापेक्षा माणसाला काय झालं ते होतं. क्षयाच्या सीबीनॅट मशीनचा रिपोर्ट बघा, त्यात इंग्रजीत का होईना सरळ असतं, जंतू आढळला, रिफाम्पिसिनला दाद न देणारा प्रकार आढळला नाही. पॉझिटिव्हही नाही आणि निगेटिव्हही नाही. आढळला, आढळला नाही. असं लिहिलं की कोणाच्याही आजीला कळतं.

यावर लॅब चालवणारे म्हणतात की रिपोर्टचा अर्थ लावणं आमचं काम नाही, ते डॉक्टरांचं. बरोबर आहे. पण "कावीळ बी चा विषाणू आढळला नाही" हा अर्थ लावणं कसं होईल, तोच निकाल आहे, फक्त समजेल असा. रक्तगटाच्या ओळीत थोडं पुढे जावं लागतं हे मान्य, पण तिथेही "आईचा रक्तगट निगेटिव्ह आहे, हा आजार नाही, अँटी-डी इंजेक्शनबद्दल डॉक्टरांना विचारा" यात औषध लिहून दिलेलं नाही, फक्त विचारायला सांगितलंय. सॉफ्टवेअरमध्ये मराठी येत नाही हे कारण तर आता ऐकूनही घेऊ नये, त्याच लॅबचा दिवाळीचा शुभेच्छा मेसेज मराठीत येतो.

एक आक्षेप मात्र मला पटतो. इंग्रजीचा एक फायदा आहे, ती झाकते. काउंटरवरून रिपोर्ट दीर घेऊन जातो, कधी रिक्षावाल्याच्या हाती पाठवतात, व्हॉट्सॲपवर तर कोणाच्या मोबाइलवर जातो देवच जाणे. तिथे एचआयव्हीचा निकाल मराठीत ढळढळीत छापला तर त्या बाईचं घर तुटेल. २०१७ च्या एचआयव्ही कायद्यातच ती माहिती गुप्त ठेवायची जबाबदारी आहे. म्हणून एचआयव्हीची आणि व्हीडीआरएलची ओळ यातून वगळावी, ती समुपदेशकाने समोर बसवून तोंडीच सांगावी. सिकलसेलबद्दलही मी विचार करून ठरवेन, तिथे कदाचित वाहक हा शब्द मोठा छापणं आणि पॉझिटिव्ह छापूच न देणं हे जास्त बरं. पण या अडचणींमुळे रक्तगट आणि आयसीटीची ओळ अडायचं काही कारण नाही, त्यात लपवण्यासारखं काहीच नाही.

आणि सगळ्यात जास्त गरज आहे ती डिस्चार्ज कार्डावर. त्या सुनेची आयसीटी नंतर निगेटिव्ह आली, म्हणजे पहिल्या वेळी इंजेक्शन मिळालं असेल, किंवा बाळ निगेटिव्ह असेल, किंवा नुसतं नशीब, कागद नसल्यामुळे कळायला मार्ग नाही. कार्डावर तीनच रकाने लागतात. आईचा रक्तगट, बाळाचा रक्तगट, अँटी-डी दिलं का आणि दिलं तर तारीख-वेळ. दिलं नसेल तर का नाही दिलं तेही लिहा, "बाळ निगेटिव्ह, म्हणून गरज नाही" एवढं. आणि खाली मराठीत, पुढच्या वेळी दिवस राहिले किंवा गर्भ पडला तर हे कार्ड घेऊन लगेच या.